रिकामे सेल भरण्याची युक्ती: व्हिडिओत आवाज, कर्सर आणि झूम जुळवायचे कसे?

हिशेबनीस

आमच्या शाखांकडून दर महिन्याला जो तक्ता येतो, त्यात A कॉलममध्ये शाखेचं नाव एकदाच लिहिलेलं असतं आणि पुढच्या खातेदारांसमोर ती जागा रिकामी. कागदावर वाचायला छान, पण फिल्टर लावला की बोंब. ते रिकामे सेल वरच्या नावाने एका झटक्यात भरायची Ctrl+G वाली युक्ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांना माहीत असेल. तीच दीड मिनिटाच्या व्हिडिओत शाखांना दाखवायची आहे. बघणारे बहुतेक सगळे फोनवरच बघणार.

साधनं: विंडोज लॅपटॉप (स्क्रीन १३६६ बाय ७६८), एक्सेल, रेकॉर्डिंगला ओबीएस, एडिटिंगला दाविंची रिझॉल्व्ह. नमुन्याला A1 ते C13 एवढाच छोटा तक्ता घेतलाय: शाखा, खातेदार, रक्कम. A2 मध्ये मिरज आहे, A6 मध्ये तासगाव, A10 मध्ये विटा, मधले सगळे सेल रिकामे.

युक्ती येते, सांगताही येते. प्रश्न मेळाचा आहे. तोंडाने "कंट्रोल जी" म्हणायचं कधी आणि दाबायचं कधी? तेव्हा माउस कुठे ठेवायचा? आणि झूम कुठे करायचा? इतरांचे व्हिडिओ बघताना मला तरी निम्म्या वेळा कळत नाही की आता नजर कुठे ठेवू.

टंकमित्र

सोपं आहे. कीबोर्डचा शॉर्टकट शिकवताय ना, मग माउसचं काय काम? ओबीएसमध्ये डिस्प्ले कॅप्चरच्या प्रॉपर्टीजमध्ये कर्सर दाखवण्याची टिक असते, ती काढून टाका. दाबलेल्या की स्क्रीनवर दाखवायला कार्नॅक लावा. झालं. झूमबिम लोक उगाच करतात.

कोकणी_बाणा

झूम हवाच, फोनवर सेल दिसत नाहीत हो. पण एडिटिंगमध्ये कशाला? मायक्रोसॉफ्टचं झूमइट फुकट आहे. Ctrl+1 दाबलं की माउसभोवती झूम, एस्केप दाबलं की परत. बोलता बोलता होतं, नंतर काही करावं लागत नाही.

खडूफळा

टंकमित्र यांचं अर्धं बरोबर आहे. कार्नॅक लावा, पण ते जिथे उमटतं ती जागा बदला. युट्यूबवर सबटायटल चालू केली की खालची पट्टी झाकली जाते, त्यामुळे की नेमक्या तिथेच उमटत असतील तर फुकट गेल्या. माउस मात्र पूर्ण घालवू नका, त्याचं कारण पुढे येतंच.

कोकणी_बाणा, झूमइट मीही वापरतो, पण वर्गात प्रोजेक्टरवर. इथे दोन अडचणी आहेत. Ctrl+1 चा झूम म्हणजे त्या क्षणाच्या स्क्रीनचा गोठलेला फोटो, त्यावर तुम्ही Ctrl+G दाबलंत तरी एक्सेलपर्यंत पोचत नाही. चालू स्क्रीनचा झूम Ctrl+4 वर आहे. दुसरी अडचण जास्त त्रासाची. Ctrl+1 हा एक्सेलचा स्वतःचा Format Cells चा शॉर्टकट आहे. झूमइट चालू असेपर्यंत तो एक्सेलला मिळतच नाही. म्हणजे उद्या Format Cells वर व्हिडिओ करायला बसाल आणि खिडकीच उघडणार नाही. झूमइटच्या सेटिंगमध्ये त्याची बटणं बदलता येतात, ठेवायचंच असेल तर ती आधी बदला.

आता हिशेबनीस यांच्या प्रश्नाकडे. शॉर्टकटच्या व्हिडिओतली गोम अशी की घडतं ते बोटांनी, आणि बोटं दिसत नाहीत. माउसने मेनू उघडताना बाण तिकडे सरकतो, बघणाऱ्याची नजर त्याच्यामागून जाते. इथे काहीच न सरकता एकदम खिडकी उघडते. म्हणून नजर आधी तिथे न्यायचं काम आवाज आणि कर्सर यांनी वाटून घ्यायचं. मी पाळतो ते असं: आधी कर्सर तिथे पोचतो, मग तोंड त्याचं नाव घेतं, मग की दाबली जाते, मग क्षणभर कोणीच बोलत नाही, आणि मग जे झालं ते सांगायचं. कर्सर एकदा पोचला की हात उचला. बोलताना बाणाने गोल गोल फिरवायची सवय अनेकांना असते. फोनवर ते माशी घोंगावल्यासारखं दिसतं.

की कधी दाबायची, तर "दाबा" या शब्दावर. आपण "कंट्रोल जी दाबा" म्हणतो, त्यात "कंट्रोल" ऐकून लोक कान टवकारतात आणि "दाबा"ला त्यांचं बोट हलतं. तुम्ही "कंट्रोल"लाच दाबून मोकळे झालात, तर "जी" म्हणेपर्यंत खिडकी उघडलेली असते आणि ती कशाने उघडली हे त्यांच्या हातून निसटतं.

झूमचं लांब आहे, रात्री लिहितो.

मीनल_ना

मला याच विषयावर मदत हवी होती! मी हे सगळं केलं, Ctrl+G, Special, Blanks, पण एक्सेल म्हणतं No cells were found. सेल तर डोळ्यांना रिकामेच दिसताहेत. आमचा डेटा एका सॉफ्टवेअरमधून काढलेला असतो. माझी एक्सेलची आवृत्ती जुनी असेल का?

टंकमित्र

स्पेस असणार त्यात. Find and Replace मध्ये स्पेस शोधा, खाली काहीच लिहू नका, Replace All.

खडूफळा

थांबा, तसं केलंत तर "विजय पाटील"चा "विजयपाटील" होईल. Options उघडून Match entire cell contents ला टिक करा, म्हणजे ज्या सेलमध्ये फक्त एक स्पेस आहे तेवढेच साफ होतील.

पण आधी स्पेस आहे का ते बघा. बाजूच्या कॉलममध्ये हे लिहा:

```
=LEN(A3)
=ISBLANK(A3)
```

पहिल्याचं उत्तर १ किंवा जास्त आलं तर आत स्पेस किंवा दुसरं काहीतरी न दिसणारं आहे. पहिल्याचं ० आणि दुसऱ्याचं FALSE आलं, तर सेलमध्ये शून्य लांबीचा मजकूर आहे. सॉफ्टवेअरमधून काढलेल्या फाइलींत हे बरेचदा असतं. तेव्हा तो एकच कॉलम सिलेक्ट करून Data मधलं Text to Columns उघडा आणि काही न बदलता Finish करा. असे सेल खरोखर रिकामे होतात. फाइलची प्रत काढून त्यावर करा, कारण त्या कॉलममध्ये तारखा किंवा शून्याने सुरू होणारे खाते क्रमांक असतील तर तेही बदलू शकतात. आवृत्तीचा यात काही संबंध नाही.

मीनल_ना

LEN ० आणि ISBLANK FALSE. Text to Columns ने झालं!! धन्यवाद. व्हिडिओत हेही घ्या की हिशेबनीस.

हिशेबनीस

ताई, दीड मिनिटात नाही मावणार, वेगळा करीन.

खडूफळा, तुमच्या झूमची वाट बघतोय, पण त्याआधी एक नवीनच लफडं. काल चाचणी घेतली. ओबीएसमध्ये विंडो कॅप्चर लावून एक्सेलची खिडकी निवडली. Ctrl+G दाबलं, समोर डायलॉग उघडला, पुढचं सगळं नीट झालं. रेकॉर्डिंग बघतो तर डायलॉग गायब! शीट नुसती तशीच उभी आणि मग अचानक सेल निवडलेले. भुताटकीच.

अनुजा_के

भुताटकी नाही, विंडो कॅप्चर फक्त ती एक खिडकी घेतो. Go To चा डायलॉग विंडोजच्या लेखी वेगळी खिडकी आहे. डिस्प्ले कॅप्चर घ्या आणि कडेचं नको असेल ते क्रॉप करा. मात्र मग सगळंच रेकॉर्ड होतं, व्हॉट्सअ‍ॅपचे निरोपसुद्धा, तेव्हा नोटिफिकेशन बंद ठेवा. बँकेचा ओटीपी झळकलेला ट्युटोरियल मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलाय.

खडूफळा

अनुजांनी नेमकं सांगितलं. आता झूम.

पहिला झूम एडिटिंगमधला नाही, एक्सेलचाच. तुमचा तक्ता तीन कॉलमांचा आहे, शीट १६० ते १७० टक्क्यांवर न्या, Ctrl+F1 ने रिबन मिटवा. फोनवर निम्मं काम इथेच होतं, आणि अक्षरं फुटत नाहीत कारण ती एक्सेलनेच मोठी काढलेली असतात. १३६६ च्या स्क्रीनवर हे जास्तच महत्त्वाचं. तुमचं रेकॉर्डिंग १०८० च्या टाइमलाइनवर टाकल्यावर आधीच जवळपास १.४ पट ताणलं जातं. त्यावर एडिटिंगमध्ये दुप्पट झूम केलात की जेमतेम ६८३ पिक्सेल ओढून १९२० करताय. अक्षरांच्या कडा लोकरीसारख्या दिसायला लागतात. १३० ते १४० टक्क्यांवर थांबा, किंवा दिवसभरासाठी कुणाचा तरी फुल एचडी मॉनिटर जोडा.

शीट मोठी केली तरी डायलॉग मोठा होत नाही. फॉर्म्युला बारही नाही. त्यामुळे एडिटिंगमधला झूम फक्त तिथे लागतो. तुमच्या व्हिडिओत अशा दोनच जागा आहेत: डायलॉग, आणि A3 मध्ये फॉर्म्युला लिहिताना वरचा डावा कोपरा.

डायलॉगचं बघा. Ctrl+G दाबल्यावर लगेच झूम करू नका. खिडकी उघडली हे आधी पूर्ण स्क्रीनवर दिसू दे, अर्धा सेकंद. मग साधारण पाऊण सेकंदात आत जा, झूम थांबू दे आणि मगच बोला. झूम चालू असताना बोललेलं कोणाच्या डोक्यात जात नाही. चौकट ठरवताना पुढचा Go To Special चा डायलॉगही तिच्यात मावतोय ना ते बघा, कारण त्याचा आकार वेगळा आहे. पहिल्या डायलॉगला चिकटून झूम केलात तर दुसऱ्याच्या कडा कापल्या जातात आणि मध्येच झूम हलवावा लागतो.

इथे आत जायचं खरं कारण अक्षराखालची रेघ. Special मधल्या S खाली रेघ आहे, Blanks मधल्या k खाली रेघ आहे, आणि तीच तर शॉर्टकटची खूण. फोनवर झूमशिवाय ती दिसत नाही. एक गोष्ट आवाजातही सांगा: पहिल्या डायलॉगमध्ये Alt धरून S दाबावं लागतं, कारण कर्सर Reference च्या रकान्यात असतो आणि नुसतं S दाबलं तर तिथे s टाइप होतो. दुसऱ्या डायलॉगमध्ये टाइप करायची जागा नसते, म्हणून नुसता K चालतो. हे न सांगता पुढे गेलात तर शाखांतून तोच फोन येणार.

टोरांटोकर

मी मॅकवर स्क्रीन स्टुडिओ वापरतो. तो क्लिक ओळखून आपोआप झूम करतो, फार गोड दिसतं. हिशेबनीसांनी तसं काही घ्यावं, एवढं मोजमाप कशाला?

खडूफळा

क्लिक ओळखून करतो, आणि या व्हिडिओत क्लिक आहेत कुठे? A2 आणि A13 वर दोन. म्हणजे सिलेक्ट करताना आत जाईल, जिथे गरज नाही, आणि डायलॉग उघडल्यावर तुम्हालाच हाताने घालावा लागेल. माउसच्या व्हिडिओंना मात्र मस्त आहे.

टोरांटोकर

हं, हे खरं. माझे सगळे माउसचेच असतात.

हिशेबनीस

वरचं सगळं धरून स्क्रिप्ट नव्याने लिहिली. तीन रकान्यांत करून बघितली पण इथे नीट उमटत नाही, म्हणून सलग देतो. कंसात कर्सर आणि झूम.

"शाखेचं नाव एकदाच आहे, खाली रिकामं." (पूर्ण शीट. कर्सर A2 पासून A5 पर्यंत एकदाच सावकाश खाली.)

"A2 वर क्लिक करा. शिफ्ट धरून A13 वर क्लिक करा." (झूम नाही. नंतर कर्सर D कॉलमच्या पांढऱ्या जागेत नेऊन सोडला.)

"आता कंट्रोल जी दाबा." (डायलॉग. अर्धा सेकंद गप्प. झूम आत.)

"Special च्या S खाली रेघ आहे. ऑल्ट धरून एस दाबा." (झूम तसाच.)

"इथे Blanks च्या k खाली रेघ आहे. नुसता के दाबा. एंटर दाबा." (डायलॉग गेला की झूम बाहेर. दीड सेकंद गप्प, फक्त रिकामे सेल निवडलेले दिसतात.)

"बरोबरचं चिन्ह टाइप करा. वरचा बाण दाबा." (झूम वरच्या डाव्या कोपऱ्यात. A3 मध्ये =A2 दिसतं.)

"कंट्रोल धरून एंटर दाबा." (सगळे भरतात. झूम बाहेर.)

चालेल?

टंकमित्र

Blanks नंतर A3 वर क्लिक करायचं राहिलं. पहिल्या रिकाम्या सेलवर क्लिक करून मग बरोबरचं चिन्ह.

अनुजा_के

अजिबात नको! क्लिक केलं की सगळी निवड सुटते आणि Ctrl+Enter ने एकटा A3 भरतो. A3 आधीच सक्रिय असतो, निवडलेल्यांत तोच एक पांढरा दिसतो आणि डावीकडे वर नेम बॉक्समध्ये A3 लिहिलेलं असतं. उलट तिथे स्पष्ट म्हणा, "आता माउसला हात लावू नका."

टंकमित्र

बरोबर आहे, आत्ता करून बघितलं. माझ्याकडून तसं चालायचं कारण मी Ctrl धरून क्लिक करतो बहुतेक.

खडूफळा

स्क्रिप्ट चांगली झाली आहे. दोन जागी हात लावा.

एक, शेवटचा झूम उलटा आहे. तुम्ही कोपऱ्यात आत असताना Ctrl+Enter दाबताय आणि मग बाहेर येताय. म्हणजे सगळे सेल एकदम भरतात तो क्षण चौकटीबाहेर घडतो आणि बाहेर आल्यावर लोकांना नुसता भरलेला कॉलम दिसतो. ज्यासाठी एवढा खटाटोप, तेच दिसलं नाही. =A2 दिसलं की आधी बाहेर या, थांबा, "कंट्रोल धरून एंटर दाबा" म्हणा आणि पूर्ण कॉलम समोर असताना दाबा. आत जायचं ते बारीक अक्षर वाचायला, आणि परिणाम बघायचा तो नेहमी बाहेरून.

त्याच झूमची चौकट अशी ठेवा की नेम बॉक्स, फॉर्म्युला बार आणि A1 ते A6 एकत्र येतील. नेम बॉक्समधला A3 आणि बारमधलं =A2 एकाच वेळी दिसलं की वरच्या सेलचं नाव खाली येतंय हे वेगळं समजवावं लागत नाही.

दोन, व्हिडिओ इथे संपवू नका. A कॉलममध्ये आता फॉर्म्युले आहेत. कुणी रकमेप्रमाणे सॉर्ट केलं की ओळी हलतात, पण प्रत्येक फॉर्म्युला आपल्या नव्या जागेच्या वरच्याच सेलकडे बघतो, आणि मिरजेचा खातेदार तासगावात जातो. चूक दिसतही नाही, कारण नाव तर प्रत्येक ओळीत असतंच. म्हणून A2 ते A13 परत सिलेक्ट करून Ctrl+C, मग Ctrl+Alt+V, V, एंटर. इथे Paste Special चा डायलॉग उघडतो, त्यालाही तोच नियम.

कोकणी_बाणा

सॉर्टचं माहीत नव्हतं. मागच्या तिमाहीचं काम उद्या तपासतो.

हिशेबनीस

दोन्ही बदल केले. आता शेवटचा प्रश्न. बोलत बोलत रेकॉर्ड करू, की आवाज नंतर घालू? बोलताना बोटं घाई करतात, आणि माझ्या कीबोर्डचा खडखडाट माइकमध्ये येतो.

खडूफळा

आवाज आधी. एकट्याने बसून फोनवर सगळी स्क्रिप्ट वाचा, प्रत्येक "दाबा"नंतर मोकळी जागा ठेवा. मग तो आवाज इअरफोनमध्ये लावून ऐकत ऐकत स्क्रीन रेकॉर्ड करा. बोटं आपोआप आवाजाच्या चालीने चालतात. खडखडाटाचा प्रश्नच नाही, कारण त्या वेळी माइक बंद.

अनुजा_के

मी नेमकं उलटं करते. आधी मुकाट्याने स्क्रीन रेकॉर्ड, प्रत्येक की नंतर दोन सेकंद हात बाजूला. मग रेकॉर्डिंग बघत आवाज देते. कमी पडलं तिथे शेवटची फ्रेम गोठवून लांबवता येते, कर्सर स्थिर असेल तर कोणाला कळतही नाही. आधीच बोललेला आवाज ऐकत दाबताना मला कवायतीत असल्यासारखं वाटतं, आणि एक की चुकली की पूर्ण परत.

खडूफळा

पूर्ण परत कशाला? त्या वाक्यापासून पुढचं करा आणि जोडा. आणि चित्र बघत बोलायला लागलं की माणूस स्क्रिप्ट सोडून "इथे बघा, हे असं, आता हे" करायला लागतो.

अनुजा_के

स्क्रिप्ट समोर असली की नाही करत. शिवाय फ्रेम गोठवणं तुमच्या पद्धतीतही लागतंच, मान्य करा.

हिशेबनीस

दोन्ही करून बघतो. पहिली तीस सेकंद तुमच्या पद्धतीने, पुढची अनुजांच्या, आणि शाखेतल्या शिपायाला दाखवतो. त्याला एक्सेल येत नाही, म्हणून तोच खरा परीक्षक.

मीनल_ना

माझ्या मैत्रिणीच्या शीटमध्ये शाखेचे सेल मर्ज केलेले आहेत. तिला हे चालेल का?

अनुजा_के

आधी ते सगळे सिलेक्ट करून Alt, H, M, U एकामागून एक. मर्ज सुटतं, नाव वरच्या सेलमध्ये राहतं, खालचे रिकामे होतात. पुढे तेच. हेही व्हिडिओत दाखवणार असाल तर Alt नंतर रिबनवर बारीक अक्षरं उमटतात, तिथे झूम लागेल, आणि रिबन मिटवलेली असेल तर ती उघडल्याचा धक्का बसेल. त्याचं काय करायचं हे मला अजून सुचलेलं नाही.